परक्या भाषेतलं लायसन फोटोवरून कसं वाचायचं? भाच्याच्या जर्मन कार्डाची गोष्ट

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला, ट्रकड्रायव्हरचं शिक्षण घ्यायला. घर निपाणीजवळ. बाप, म्हणजे आमचे दाजी, तीस वर्षं लॉरीवर. बेळगावहून चोर्ल्याने गोव्याला उतरणारा रस्ता त्यांना डोळे मिटून माहीत. पोराला लायसन मिळालं, त्याने कार्डाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत दाजींचा फोन आला, "अरे, ह्यावर ट्रेलर हाय का न्हाई, तेवढं बघून सांग की."

मी बेळगावात झेरॉक्सचं दुकान चालवतो. आरटीओचे कन्नड फॉर्म मराठी माणसांना भरून देण्यात माझी हयात गेली. त्यामुळे परक्या लिपीतलं कार्ड पुढ्यात आलं की मी घाबरत नाही. पण त्या दिवशी मी घाई केली. एक चूक होता होता राहिली आणि दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. पुढे भाच्याशी बोलून, कार्ड पुन्हा नीट बघून त्या दुरुस्त केल्या. आता गावातली आणखी दोन-तीन पोरं त्याच वाटेवर आहेत आणि त्यांच्या घरचे असेच फोटो घेऊन दुकानात येतात. तुमच्यावर ती वेळ आली तर हे उपयोगी पडेल.

सगळं जर्मन कार्डावर समजावलंय. पण रकान्यांचे क्रमांक आणि शंभरच्या आतले कोड युरोपियन संघातल्या सगळ्या देशांत एकच असतात. कार्ड पोलंडचं असो की पोर्तुगालचं, वाचायची रीत हीच.

हाताशी काय हवं

- कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. नुसती पुढची बाजू असेल तर वाचायला बसूच नका.
- कागद आणि पेन. मोबाइलवर बघत तोंडी सांगितलं की चुकतंच.
- ज्याचं कार्ड आहे त्याच्याकडे दुसरं एखादं व्यावसायिक कार्ड असेल तर त्याचाही फोटो. ते कशासाठी, पाचव्या पायरीत येईल.
- तुलनेसाठी आपलं एक भारतीय लायसन.

१. आधी फोटो नीट मागवा

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि मागच्या बाजूचे बारीक आकडे फुटतात. भाच्याला म्हणा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. कार्ड टेबलावर सपाट ठेवायचं, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने. कार्डावर चमकणारी नक्षी असते. फ्लॅश मारला की नेमका एखादा आकडा त्या चकाकीखाली जातो.

ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण माझी पहिली चूक इथेच झाली असती. मागच्या रकान्यात ७० आहे की ७८, हे पहिल्या फोटोत कळत नव्हतं. ७० म्हणजे आधीचं दुसरं लायसन बदलून हे मिळालं. ७८ म्हणजे फक्त ऑटोमॅटिक गाडी चालवता येईल. एका आकड्याने माणसाची नोकरी इकडची तिकडे होते. ओळखायची एक खूण आहे. ७० च्या पुढे जुन्या लायसनचा नंबर आणि देशाची अक्षरं येतात, ७८ एकटाच उभा असतो. तरी शंका उरली तर दुसरा फोटो मागवा, अंदाज बांधू नका. (भाच्याच्या कार्डावर शेवटी दोन्ही नव्हते. तो वेगळाच आकडा निघाला, पुढे येतो.)

आणि हो, असा फोटो पुढे कुणाला पाठवायचा तर लायसन नंबर आणि सही झाकून पाठवा.

२. शब्द सोडा, क्रमांक धरा

आपली सवय असते की भाषा कळली की कागद कळला. ह्या कार्डावर तसं नाही. वर जर्मनमध्ये कार्डाचं आणि देशाचं नाव आहे, ते सोडलं तर वाचण्यासारखे शब्द जवळजवळ नाहीतच. प्रत्येक माहितीच्या आधी एक बारीक क्रमांक छापलेला असतो. तोच तुमचा दुभाषा.

पुढच्या बाजूला १ म्हणजे आडनाव, २ म्हणजे नाव, ३ जन्मतारीख आणि जन्मस्थळ. ४ए कार्ड दिल्याची तारीख, ४बी कार्डाची मुदत, ४सी कार्ड देणारं कार्यालय. ५ लायसन नंबर, ६ फोटो, ७ सही. शेवटी ९ पुढे वर्गांची अक्षरं ओळीने लिहिलेली असतात.

आता दुसरी चूक ऐका. मी पुढच्या बाजूला ४बी बघितलं. तिथे ०५.११.३९ होतं. तारखा दिवस-महिना-वर्ष अशाच असतात आणि वर्षाचे शेवटचे दोनच आकडे छापतात. मी दाजींना सांगून टाकलं, "२०३९ पर्यंत काळजी नाही." दाजी खूश, बहिणीने लगेच देवाजवळ साखर ठेवली. आणि ते खोटं होतं. का, ते पुढच्या पायरीत.

३. मागचा तक्ता आडवा वाचा

खरं लायसन मागच्या बाजूला आहे. तिथे चार उभे रकाने असतात. ९ मध्ये वर्ग, १० मध्ये तो वर्ग कधी मिळाला, ११ मध्ये तो कधी संपतो, १२ मध्ये त्या वर्गापुरते कोड. शेजारी गाडीचं छोटं चित्रही असतं. वर्गांची यादी सगळ्यांच्या कार्डावर पूर्ण छापलेली असते, म्हणून नुसतं अक्षर दिसलं याचा अर्थ तो वर्ग मिळाला असा नाही. १० मध्ये तारीख असेल तरच मिळाला. दुकानात आलेल्या एका गृहस्थांनी यादीत बसचं चित्र बघून पोरगा बसही चालवतो असं गावभर सांगितलं होतं. त्या ओळीत तारीखच नव्हती.

मी भाच्याच्या कार्डाच्या कामाच्या ओळी कागदावर अशा उतरवल्या:

```
9     10        11        12
AM    14.02.24  --        --
A1    --        --        --
A     --        --        --
B     14.02.24  --        197
C1    06.11.24  05.11.29  --
C     06.11.24  05.11.29  --
D     --        --        --
BE    06.11.24  --        --
CE    06.11.24  05.11.29  --
T     06.11.24  --        --
12.   01.06
```

११ वा रकाना बघा. कारच्या म्हणजे बी वर्गाच्या ओळीत तारीख नाही, म्हणजे तो हक्क संपत नाही. ट्रकच्या सी आणि सीई ओळींत ०५.११.२९ आहे. म्हणजे २०३९ ला फक्त प्लास्टिकचं कार्ड बदलायचं आहे. जर्मनीत कार्डाची मुदत १५ वर्षं असते. पण ट्रक चालवायचा हक्क पाच वर्षांनी, २०२९ मध्येच संपतो आणि त्याआधी डोळ्यांची व तब्येतीची तपासणी करून वाढवून घ्यावा लागतो. पुढची तारीख बघून निर्धास्त राहिलेला ड्रायव्हर नोव्हेंबर २०२९ नंतर कार चालवू शकतो, ट्रक नाही.

दाजींना हे समजावताना मला आपलंच कार्ड कामाला आलं. आपल्या लायसनवरही दोन तारखा असतात, खाजगी गाडीसाठी एनटी आणि व्यवसायाच्या गाडीसाठी टीआर. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर टीआरची मुदत पाच वर्षं झाली. दाजी म्हणाले, "म्हणजे त्याची टीआर २९ ला संपते, असं सांग की सरळ." बरोबर तेच.

४. वर्गाचं नाव नाही, वजन जुळवा

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात, कारण मनात आपलं एलएमव्ही असतं. बी म्हणजे एलएमव्ही, असं जो तो सांगतो. ते अर्धंच खरं.

आपल्याकडे हलकं वाहन म्हणजे एकूण वजन ७५०० किलोपर्यंत. साध्या एलएमव्ही लायसनवर तेवढ्या वजनाचं मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं. युरोपातलं बी मात्र ३५०० किलोवर थांबतं, आणि चालक सोडून आठ माणसांवर. हे वजन गाडीचं रिकामं वजन नाही. भरल्यावर जास्तीत जास्त जितकं होऊ द्यायला परवानगी आहे, ते. आपल्या बाजारात भाजी घेऊन येणारी चारशे सात इथे एलएमव्हीत बसते, तिथे बीमध्ये बसत नाही. रिकामी असली तरीही नाही. तिथे तिला सी१ लागेल, म्हणजे ३५०० ते ७५०० किलो. लग्नाचं वऱ्हाड नेणारी तेरा सीटर बीमध्ये बसत नाही, ती डी१ मध्ये जाते.

आता दाजींचा मूळ प्रश्न. सी म्हणजे ३५०० किलोच्या वरचा ट्रक, वरची मर्यादा नाही. पण त्याच्या मागे ७५० किलोपर्यंतचाच ट्रेलर जोडता येतो. आपण ज्याला ट्रेलर म्हणतो, पुढे घोडा आणि मागे लांब चासी, त्याला सीई लागतं. ते ई अक्षर म्हणजेच जड ट्रेलर. भाच्याच्या सीईच्या ओळीत तारीख आहे, म्हणून उत्तर: हाय.

काही वर्ग आपोआप मिळतात. त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा दिली असेल असं समजू नका. बीबरोबर मोपेडचा एएम येतो, सीबरोबर सी१, आणि सीईबरोबर बीई आणि टी. टी म्हणजे शेतीचा ट्रॅक्टर. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघत वाढलेल्या पोराला तिथे ट्रॅक्टरसाठी वेगळा वर्ग असतो याचंच हसू आलं होतं.

दुचाकीची गंमत याच्या उलट. भाचा सोळाव्या वर्षापासून गावात ॲक्टिव्हा हाणत होता (वय मोजू नका). तिथे ४० टनांचा ट्रेलर चालवू शकणारा हा पोरगा ॲक्टिव्हा चालवू शकत नाही. एएम ताशी ४५ किलोमीटरच्या मोपेडपुरता आहे, १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना ए१ लागतं आणि त्या ओळीत तारीख नाही. आपल्याकडे चारचाकी येते म्हणजे दुचाकी येतेच, असं गृहीत धरून कुणी तिथे मित्राची स्कूटर घेतली तर ते विनालायसन चालवणं होतं.

५. बारावा रकाना: बंधनं आणि शेरे

१२ दोन ठिकाणी असतं. वर्गाच्या ओळीतला कोड फक्त त्या वर्गाला लागू. तक्त्याच्या खाली, १२ असं लिहून दिलेला कोड सगळ्या वर्गांना लागू. बरेच जण वरचं वाचतात आणि खालचं सोडतात.

भाच्याच्या कार्डावर खाली ०१.०६ आहे. दाजींनी ते बघितलं आणि म्हणाले, "ही कसली तारीख? एक जून?" आमच्या घरात निम्म्या लोकांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर एक जूनलाच झालेला, त्यामुळे त्यांचा दोष नाही. पण ही तारीख नव्हे. टिंबाआधीचा आकडा मुख्य कोड, टिंबानंतरचा पोटकोड. ०१ म्हणजे दृष्टीची दुरुस्ती हवी. ०१.०१ म्हणजे चष्मा, ०१.०२ म्हणजे लेन्स, ०१.०६ म्हणजे दोन्हींपैकी काहीही चालेल. तारखेला नेहमी तीन भाग असतात आणि १२ मध्ये दोनच भाग दिसले तर तो कोड. खाली असल्यामुळे हे बंधन कारलाही लागू आणि ट्रेलरलाही. चष्मा घरी विसरून स्टीअरिंगवर बसता येत नाही.

बाकीचे कोड पाठ करायची गरज नाही, गट लक्षात ठेवा. ०१ ते ०३ चालकाच्या शरीराशी संबंधित: डोळे, कान, कृत्रिम अवयव. १० पासून ५० पर्यंत गाडीत केलेले बदल, म्हणजे गिअर, क्लच, ब्रेक, स्टीअरिंग वगैरे. साठीचे कोड वापरावर मर्यादा घालतात, जसं ६१ म्हणजे फक्त दिवसा, ६७ म्हणजे महामार्गावर नाही. ७० च्या पुढचे बहुतेक कार्यालयीन असतात, पण त्यातच ७८ लपलेला आहे, म्हणून तिथे डोळे उघडे ठेवा.

१०० आणि त्यापुढचे कोड त्या त्या देशाचे स्वतःचे. ते दुसऱ्या देशाच्या यादीत शोधू नका. भाच्याच्या बीसमोर १९७ आहे. मला वाटलं, एवढा मोठा आकडा म्हणजे मोठंच बंधन असणार. उलट निघालं. जर्मनीत एप्रिल २०२१ पासून अशी सोय आहे की परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर द्यायची, पण त्याआधी गिअरच्या गाडीवर किमान दहा तास शिकायचं (तिथला एक तास ४५ मिनिटांचा) आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वेगळी चाचणी द्यायची. असं केलं की ७८ चं बंधन लागत नाही, १९७ लिहिलं जातं. म्हणजे १९७ असलेला माणूस गिअरची गाडी चालवू शकतो, ७८ असलेला नाही. प्रत्येक कोड म्हणजे बंधन नव्हे. काही कोड बंधन नसल्याचा दाखला असतात.

आता माझी तिसरी चूक, सगळ्यात महागडी. युरोपात पैसे घेऊन मालट्रक चालवायला नुसतं सीई पुरत नाही, व्यावसायिक चालकाची पात्रता लागते. तिचा कोड ९५, त्याच्यापुढे कंसात मुदतीची तारीख. हे मला आधीच ऐकून माहीत होतं. मी भाच्याच्या कार्डावर ९५ शोधला, सापडला नाही, आणि दाजींना सांगितलं की पोराला अजून कामावर ट्रक चालवता येणार नाही. त्या रात्री त्यांच्या घरी कुणी धड जेवलं नाही. एजंटाला दिलेले पैसे, बँकेचं कर्ज, सगळं डोळ्यांपुढे आलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने खिशातून दुसरं कार्ड काढून फोटो पाठवला. जर्मनीत २३ मे २०२१ पासून ९५ हा कोड लायसनवर लिहीत नाहीत, त्यासाठी वेगळं चालक-पात्रता कार्ड देतात. लायसनवर ९५ नसणं हे तिथे नेहमीचंच. म्हणून जर्मन कार्डावर ९५ दिसला नाही तर आधी दुसरं कार्ड मागा, मग बोला. त्या कार्डाचीही मुदत पाच वर्षं असते, आणि ती लायसनच्या ११ व्या रकान्याशी जुळेलच असं नाही. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून घ्या.

६. एका कागदावर मराठीत मांडा

वाचून झालं की फोनवर सांगू नका, लिहून द्या. मी दाजींना दिलेला कागद असा होता:

- कार: चालते, मुदत नाही, ३५०० किलोपर्यंत, गिअरचीही.
- ट्रक आणि ट्रेलर: चालतो, ५ नोव्हेंबर २०२९ पर्यंत. त्याआधी तपासणी.
- बस: नाही. मोटरसायकल, स्कूटर: नाही. मोपेड, ट्रॅक्टर: चालतं.
- सगळीकडे चष्मा किंवा लेन्स सक्तीची.
- प्लास्टिक कार्ड बदलायचं: ५ नोव्हेंबर २०३९ च्या आत.
- कामावर ट्रक चालवायला दुसरं कार्ड सोबत हवं. त्याची तारीख वेगळी.

प्रत्येक ओळीपुढे कार्डावरचा रकाना आणि कोड जसाच्या तसा लिहा. तुमचं मराठी चुकलं असेल तर बघणाऱ्याला मूळ आकडा सापडला पाहिजे. जो आकडा फोटोत वाचता आला नाही तिथे 'वाचता येत नाही' असं लिहा.

७. हा कागद कुठे चालत नाही

हे घरच्यांसाठी आहे. मालकाला, विमा कंपनीला किंवा कुठल्या कार्यालयाला द्यायचं असेल तर अधिकृत अनुवादकाचं शिक्क्याचं भाषांतर लागतं. माझ्या दुकानाचा शिक्का मारून द्या, असं म्हणणारे येतात. मी देत नाही. तसंच फोटोवरून लायसन खरं की खोटं हे कळत नाही, आणि नंतर जप्त झालंय का हेही नाही. एखादा एजंट कुणाच्यातरी कार्डाचा फोटो दाखवून "तुमच्या पोरालाही असंच मिळेल" म्हणत असेल, तर सीईच्या ओळीत १० आणि ११ मध्ये काय आहे आणि पात्रता कार्ड कुठे आहे, एवढं विचारा. गेल्या महिन्यात खानापूरकडच्या एका बापाने हे दोनच प्रश्न विचारले. एजंटने दाखवलेल्या कार्डावर बीच्या पुढे एकाही ओळीत तारीख नव्हती.

दाजींनी तो कागद लॅमिनेट करून लॉरीच्या केबिनमध्ये, देवाच्या फोटोशेजारी लावलाय. २९ च्या तारखेखाली लाल पेनने दोन रेघा आहेत. परवा म्हणाले, "माझी टीआर पण त्याच्याच साली संपते, बघ."